गेटजवळ बिडी ओढणारी मुलं: पालकांना सूचनापत्र कसं लिहावं

माझी पहिली सूचना तीन ओळींची होती. ‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, काही विद्यार्थी शाळेच्या प्रवेशद्वाराजवळ धूम्रपान करताना आढळून आले आहेत. सदर विद्यार्थ्यांवर कठोर कारवाई करून त्यांना शाळेतून काढून टाकण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’ खाली सही, शिक्का, आणि पोरांच्या हाती कागद घरी.

दुसऱ्या दिवशी आठवीतला एक मुलगा बाकाला पाठ टेकवत नव्हता. बापानं पट्ट्यानं झोडपलं होतं. तो ओढणाऱ्यांतला नव्हताच. खरोखर ओढणारे नववीतले दोघं त्या दिवसापासून शाळेत आले नाहीत. आठ दिवस गेट स्वच्छ राहिलं आणि मला वाटलं, सूचना लागू पडली. मग कळलं की शाळेतून नाव कटणारच आहे असं समजून ते दोघं कापूस वेचायला जाऊ लागले होते. त्यांना परत आणायला मला तीन वेळा त्यांच्या घरी जावं लागलं.

चूक माझी होती आणि ती कुठे होती हे त्यांतल्या एकाच्या आईनं दाखवून दिलं. मी तिला विचारलं, कागद वाचला होता का? ती म्हणाली, “मले कुठं वाचता येते मॅडम? त्यानंच वाचून दाखोला.” आमच्याकडे कितीतरी घरांत शाळेचा कागद मूलच वाचून दाखवतं. म्हणजे बिडी ओढणाऱ्या मुलाबद्दलचं पत्र तेच मूल चुलीपुढे बसून आईबापाला वाचून दाखवणार. त्या मुलाला ते पूर्ण, न गाळता वाचावंसं वाटलं पाहिजे. तेव्हापासून मी पत्राचं प्रत्येक वाक्य हा विचार करून लिहिते. पुढे जे सांगते आहे ते याच हिशेबानं आहे.

लिहिण्याआधी आठवडाभर पाहा

लगेच लिहायला बसू नका. आठ दिवस एका वहीत फक्त नोंदी करा: किती वाजता, कोणत्या जागी, काय ओढतात, कुठून आणतात. मुलांची नावं वहीत लिहू नका. वही टेबलावर राहते आणि शाळेत कोणीही ती उघडून पाहू शकतं.

आमच्या नोंदींतून जे दिसलं त्याचा मला अंदाज नव्हता. शाळा साडेदहाला भरते. आजूबाजूच्या तीन गावांची मुलं ज्या एसटीनं येतात ती पावणेदहालाच फाट्यावर सोडते. गेट सव्वादहाला उघडायचं. मधला अर्धा तास ही पोरं पानठेल्याच्या मागे, बाभळीखाली उभी राहायची. तिथेच सगळी थोटकं पडलेली. सिगारेटची कमी, बिडीची जास्त. मधल्या सुटीतही तिथे मुलं जायची, पण खरा अड्डा सकाळचा होता. पत्रात आपण पालकांना काय करायला सांगायचं आणि शाळा काय करणार हे कसं लिहायचं, ते या एका नोंदीनं ठरलं. गेट आता पावणेदहाला उघडतं.

अंतरही मोजून घ्या. सिगारेट व तंबाखू उत्पादनांच्या २००३ च्या कायद्यात शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करायला बंदी आहे. १०० यार्ड म्हणजे साधारण साडेएक्याण्णव मीटर. इथे बहुतेक जण एक चूक करतात, गेटपासून रस्त्यानं पावलं मोजतात. नियमाप्रमाणे हे अंतर शाळेच्या कंपाउंडच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी मोजायचं असतं. आमचा पानठेला गेटपासून रस्त्यानं सव्वाशे पावलांवर होता आणि ठेलेवाला खुशाल सांगायचा की मी हद्दीबाहेर आहे. पीटीच्या सरांचा ३० मीटरचा टेप मैदानाच्या कोपऱ्यातल्या भिंतीपासून लावला, तर ठेल्यापर्यंतचं अंतर दोन टेपांतच संपलं.

मग मुलांशी बोला, एकेकट्याशी

पत्र जाण्याआधी मुलांना ते माहीत असलं पाहिजे. नाहीतर वाचताना पहिल्याच ओळीला त्यांचा चेहरा उतरतो आणि घरच्यांना सगळं कळून जातं. आपण ज्यांना पाहिलं आहे त्यांना एकेक करून बोलवा. वर्गातून नव्हे, मैदानावर किंवा झाडांना पाणी घालताना. “का ओढतो?” असं विचारलं की मूल मान खाली घालतं आणि गप्प होतं. “पहिली कधी ओढली?” असं विचारलं की गोष्ट बाहेर येते.

एकानं सांगितलं, “बाबा वावरातून आले का मले बिडी देत, चुलीवरून पेटवून आन म्हनून. इझू नये म्हनून मी वढत वढत आनो.” बिडीभोवती तेंदूचं पान असतं. ते सिगारेटच्या कागदासारखं आपोआप जळत राहत नाही. सारखा झुरका मारला नाही तर बिडी विझते. म्हणून पेटवून आणणाऱ्या पोराला दोनचार झुरके मारावेच लागतात. हा मुलगा वयाच्या आठव्या वर्षापासून ते करत होता आणि घरात कोणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. आपल्या भागात, विशेषतः गोंदिया-भंडारा-गडचिरोलीकडे, तेंदूपत्ता आणि बिडीवर कितीतरी घरांची चूल पेटते. घरात बिडी असणं ही तिथे नवलाची गोष्ट नाही. पत्रात बिडीला शिव्या घातल्या तर त्या घरांना लागतात. मुलाच्या हाती बिडी देऊ नका, एवढंच म्हणायचं आहे, तर एवढंच लिहावं.

जे करता येत नाही ते लिहू नका

माझ्या पहिल्या सूचनेतली ‘काढून टाकू’ ही धमकी नुसती कठोर नव्हती, खोटी होती. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवीपर्यंतचं, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्याच कायद्यात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. परिपाठाला उभं करून नाव घेणं हाही छळच. नववी-दहावीच्या मुलांना काढण्याची भाषाही मी करत नाही, कारण शाळेबाहेर पडलेल्या मुलाला बिडीपासून अडवणारं कोणी उरत नाही.

मग कठोरपणा कशात ठेवायचा? शाळा नक्की करणार आहे अशा दोनतीन गोष्टी तारीख-वेळेसह सांगण्यात, आणि त्या न चुकता करण्यात. ‘त्याच दिवशी फोन करू’ असं लिहिलं तर त्याच दिवशी फोन गेला पाहिजे. एकदा चुकलं की पुढचं पत्र कोणी मनावर घेत नाही.

पत्राचा मजकूर

एकच पान, मोठी अक्षरं, बोलीतली छोटी वाक्यं. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘निदर्शनास आले आहे’ हे शब्द काढून टाका. सातवीतलं मूल न अडखळता वाचू शकलं तरच मजकूर पक्का. मी एका मुलीकडून तो मोठ्यानं वाचून घेतला आणि ती जिथे अडली ते वाक्य बदललं. आमचं पत्र असं होतं:

> प्रिय पालक, नमस्कार.
>
> आपल्या शाळेच्या गेटजवळ काही मुलं सकाळी शाळा भरायच्या आधी आणि मधल्या सुटीत बिडी-सिगारेट ओढतात. हे आम्ही शिक्षकांनी स्वतः पाहिलं आहे. हे पत्र सगळ्या घरी दिलं आहे. तुम्हाला पत्र मिळालं म्हणजे तुमचं मूल ओढतं असा अर्थ नाही.
>
> शाळेत आणि गेटसमोर बिडी, सिगारेट, तंबाखू, खर्रा काहीही चालणार नाही. मुलाजवळ सापडलं तर आम्ही ते काढून घेऊ आणि त्याच दिवशी तुम्हाला फोन करू. दुसऱ्यांदा सापडलं तर तुम्हाला शाळेत यावं लागेल, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय आम्ही थांबणार नाही. आम्ही मुलाला मारणार नाही, चारचौघांत त्याचं नाव घेणार नाही आणि शाळेतून काढणार नाही. ते आपलं मूल आहे.
>
> सोमवारपासून गेट पावणेदहाला उघडेल. एसटीनं येणाऱ्या मुलांनी बाहेर न थांबता सरळ आत यायचं आहे. मैदानावर एक शिक्षक हजर असतील.
>
> तुमच्याकडून आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. बिडी, सिगारेट, खर्रा आणायला मुलाला दुकानात पाठवू नका, आणि बिडी पेटवून आणायला सांगू नका. मूल ओढतं असं कळलं तर मारू नका. आधी विचारा, कधीपासून आणि कोणासोबत. आणि त्यानं सोडलं तर पहिले आठ-पंधरा दिवस सांभाळून घ्या. या दिवसांत ते चिडतं, उलट बोलतं, त्याला झोप लागत नाही. तो उद्धटपणा नाही, सवय सुटताना असं होतंच.
>
> घरात कोणी ओढत असेल तरी संकोच करू नका. आम्हाला तुमची मदत हवी आहे. सोडायचं असेल तर सरकारचा मोफत फोन आहे: १८००-११-२३५६.
>
> रविवारी सायंकाळी सात वाजता शाळेत थोडा वेळ बसू. वावरातून येऊन, जेवून आलात तरी चालेल. येता आलं नाही तर खालच्या चिठ्ठीवर तुमची सोयीची वेळ लिहा, आम्ही घरी येऊ.
>
> तुमच्या मुलांचे शिक्षक

खाली कापून द्यायची चिठ्ठी: मुलाचं नाव, पालकाची सही किंवा अंगठा, फोन, भेटीची वेळ.

काही वाक्यं तशीच का

‘तुमचं मूल ओढतं असा अर्थ नाही’ हे वाक्य मी पहिल्या परिच्छेदात ठेवलं, शेवटी नाही. बाप तिथपर्यंत ऐकायला थांबेलच असं नाही, तो आधीच उठलेला असतो.

चिडचिडीचं वाक्य सगळ्यांत उपयोगी पडलं. निकोटिनची सवय लागलेल्या शरीराला ते मिळालं नाही की पहिले दोनतीन दिवस सगळ्यांत जड जातात. मन लागत नाही, डोकं दुखतं, भूक वाढते. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. घरच्यांना हे माहीत नसतं. पोरगं बिडी सोडतं आणि त्याच आठवड्यात उलट बोलल्याबद्दल मार खातं, मग पुन्हा बाभळीखाली जातं. चौदा वर्षांच्या मुलाला दिवसाला दोनतीन बिड्यांनीही हे होऊ शकतं. थोडीच तर ओढतो, असं म्हणून सोडून देऊ नये.

कॅन्सरचा शब्द पत्रात मुद्दाम नाही. ज्याचा आजा ऐंशीव्या वर्षीही बिडी ओढतो त्या पोराला तो पटत नाही, आणि आईचा जीव मात्र घाबरा होतो. मुलांशी बोलताना मी कबड्डीचं बोलते. चढाईत दम कधी तुटायला लागला, हे त्यांचं त्यांनाच माहीत असतं.

कायद्याचं कलम आणि शिक्षाही पालकांच्या पत्रात नाही. अल्पवयीन न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ मध्ये मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. जो बाप पोराला बिडी आणायला धाडतो त्याला हे वाचून धडकी भरेल आणि तो रविवारी येणारच नाही. ते कलम ठेलेवाल्याच्या पत्रासाठी राखून ठेवा.

पत्र पोचवणं

कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप अंधार पडल्यावर घरी येतात. दुपारी चारची पालकसभा ठेवून ‘पालक येत नाहीत’ म्हणणं बरोबर नाही. पत्र शनिवारी द्या, म्हणजे रविवार मधे मिळतो. तेच पत्र मी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. ज्या आईला वाचता येत नाही तिनं ते स्वतः ऐकलं, आणि मुलानं एखादी ओळ गाळली असेल तर तीही तिला कळली. ग्रुपवर नंतर पालक एकमेकांच्या मुलांची नावं घेऊ लागले तर लगेच थांबवा. आमच्याकडे एकानं तसं लिहायला सुरुवात केली होती. मी दोन मिनिटांत ‘नावं इथे नकोत, मला फोन करा’ असं लिहिलं आणि तो मेसेज काढायला लावला.

ज्यांना आपण प्रत्यक्ष पाहिलं आहे त्या मुलांच्या घरी सामूहिक पत्राशिवाय वेगळा कागद पाठवू नका. कागद शेजारी वाचतात. तिथे जाऊन बोला, आणि मुलाला आधी सांगून जा. चिठ्ठ्या मोजा. परत न आलेल्या चिठ्ठ्यांची घरंच बहुधा आपल्याला हवी असलेली घरं निघतात. तिथे चिठ्ठीची आठवण करत बसू नका, सरळ दारात जा.

पालक समोर बसल्यावर

रविवारी आलेल्यांत एक बाप कोपऱ्यात बसून होता. सगळे गेल्यावर म्हणाला, “मॅडम, मीच वढतो जी. मी त्याले कोन्या तोंडानं सांगू?” हा प्रश्न बहुतेक बापांच्या मनात असतो आणि याचं उत्तर तयार ठेवावं लागतं. मी त्यांना उपदेश केला नाही. म्हटलं, “तेच सांगा. मले सुटत नाही, तुले लागू नये, असं म्हना.” बापाच्या तोंडून हे ऐकलेलं पोर जितकं थबकतं तितकं माझ्या दहा तासांनी थबकत नाही. आणि एक साधी गोष्ट मागितली, घरात त्याच्यासमोर पेटवू नका आणि बंडल त्याच्या हाताला लागेल असं ठेवू नका. ते त्यांना जमण्यासारखं होतं.

काही आया विचारतात, ओळखायचं कसं? बोटांच्या टोकांचा पिवळेपणा फार उशिरा दिसतो, त्याची वाट पाहू नये. खिशात आगपेटी, घरी येताच तोंड धुणं, रोज बडीशेप किंवा गोळी चघळणं, खाऊच्या पैशाचा हिशेब न लागणं, हे आधी दिसतं. यातल्या एका खुणेवरून काही ठरवू नका. आणि मेडिकलमधून निकोटिनचं च्युइंगगम आणून मुलाला देऊ नका, अठराच्या आतल्या मुलाला ते डॉक्टरांशिवाय देण्यासारखं नाही. रोज उठल्या उठल्या बिडी लागते, किंवा दोनदा सोडून पुन्हा धरली, असं असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशक असतात.

पानठेल्याचं पत्र वेगळं

ठेलेवाला गावातलाच असतो, बहुधा एखाद्या विद्यार्थ्याचा काकाच. त्याला आधी भेटा, पण एकट्यानं नको. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि पोलीस पाटील सोबत घ्या. मोजलेलं अंतर सांगा, टेप दाखवा. अठरा वर्षांखालच्या कोणालाही तंबाखू विकता येत नाही, आणि महाराष्ट्रात २०२० पासून सुटी सिगारेट, सुटी बिडी विकायलाही बंदी आहे. पोरं बंडल घेत नाहीत, त्यांच्याकडे तेवढे पैसे नसतात. सुटी मिळणं बंद झालं की निम्मा प्रश्न तिथेच अडतो. २००३ च्या कायद्याचा दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे, त्याला कोणी भीत नाही. कलम ७७ चं नाव मात्र ऐकलं जातं. आमच्या ठेलेवाल्यानं ठेला फाट्यापलीकडे हलवायला महिना लावला. तो हलला तो समितीचा लेखी ठराव ग्रामपंचायतीकडे आणि पोलीस ठाण्यात गेल्यावर. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थेच्या सूचनांत १०० यार्डांची हद्द आखून दाखवायला सांगितलं आहे. आम्ही रस्त्यावर पिवळ्या रंगानं ती आखली.

महिन्यानं

गेटजवळ थोटकं दिसत नाहीत यावर विसंबू नका. पहिल्या वेळी मी तिथेच फसले. अड्डा हलतो. आमचा नाल्यावरच्या पुलाखाली गेला होता, आणि दोघांनी बिडी सोडून खर्रा धरला होता, कारण त्याचा धूर होत नाही. म्हणून महिनाभरानं पुन्हा आठ दिवस तीच वही घ्या, पण या वेळी गेटपासून फाट्यापर्यंत चालत जा. पानठेल्यामागे पडलेल्या खर्र्याच्या पन्न्याही मोजा. त्याच मुलांशी पुन्हा बोला. ज्यानं सोडलं आहे त्याला सहसा आठवड्याचा दिवस आठवतो: “गुरवारपासून नाई वढली.” ज्याला दिवस सांगता येत नाही त्याच्याकडे थोडं जास्त लक्ष द्या.

मग दुसरं पत्र. ते छोटं असतं: काय पाहिलं, काय बदललं, अजून काय राहिलं. आमच्यात पुलाखालच्या जागेचा उल्लेख होता आणि गेट पावणेदहालाच उघडत राहील असं लिहिलं होतं. चिठ्ठी पुन्हा जोडली. पहिल्या वेळी ज्या नऊ घरांतून ती आली नव्हती त्यांपैकी सहा घरांतून आली. एकीवर अंगठ्याच्या शेजारी मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मॅडम, बाबा आता माझ्यासमोर ओढत नाही.’ उरलेल्या तीन घरांकडे मी त्याच आठवड्यात गेले.